दाते सोडलेली भिंत

वाडा आणि माणसं या गोष्टीपुरती रचलेली आहेत. वाद मात्र पुण्याच्या पेठांमध्ये कुणी जुनं घर दुरुस्तीला काढलं की हमखास होणारा आहे.

नारायण पेठेतला दुमजली वाडा. दगडी जोतं, मधे चौक, सागवानी खांब आणि तुळया. मागच्या अंगाला मात्र सिमेंटचा एक दुमजली ठोकळा चिकटवलेला. खाली मोरी आणि संडास, वर एक स्वयंपाकघर, त्यावर काळी प्लास्टिकची टाकी. वरच्या माजघराच्या दोन कोरीव खिडक्या या ठोकळ्याने बुजवून टाकल्या आहेत. वाडा पाहायला दोघं आले होते. सत्तरीकडे झुकलेले सर, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता स्वतः कामं घेणारी एक सर्वेक्षक.

सरांनी ठोकळ्याकडे एकदाच पाहिलं. "हे पाडायचं. लिहून टाक."

"सर, अजून टेपसुद्धा काढला नाही आपण."

"टेप कशाला? डोळे आहेत ना? दोन खिडक्या मोकळ्या होतील, भिंत श्वास घेईल."

भिंतीच्या श्वासाची गोष्ट सर उगाच बोलत नव्हते. वाड्याची भिंत पातळ विटांची, मातीत रचलेली आणि चुन्याने गिलावा केलेली असते. ती पाणी शोषते आणि सुकतेही. तिच्यावर सिमेंट थापलं की शोषलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. ते भिंतीतच वर चढतं, क्षार बरोबर नेतं, आणि कुठेतरी गिलाव्यामागे ते क्षार फुलून विटेचा भुगा करतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. मोरीलगतच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला पांढरा पट्टा दिसतच होता. सरांनी बोट फिरवलं, पीठ हाताला आलं. "बघ. मोरीचं पाणी. हेच वर तुळईपर्यंत गेलंय."

तुळईचं टोक कुजलं होतं, हे खरं. वरच्या मजल्यावर ती जिथे भिंतीत शिरते तिथे पेचकस टेकवला तर दोन इंच आत गेला. पण बाईंनी तो बाहेर काढून त्याच्या टोकावरचा भुसा चिमटीत घेतला. कोरडा, तपकिरी, चुरा होणारा. एप्रिलचा शेवट होता.

"मोरी बारा महिने ओली असते. तिचं पाणी इथवर आलं असतं तर लाकूड आत्ताही ओलं लागलं असतं. हे पावसाळ्यात भिजतं आणि उन्हाळ्यात वाळतं. पाणी वरून येतंय, सर."

इथे वाद नुसता मतांचा राहिला नाही. घर कुठे दुखतंय हे कळल्याशिवाय ठोकळा दोषी आहे की नाही हे ठरवता येत नाही, आणि तो कुरूप आहे एवढ्यावरून तर मुळीच नाही.

दोघांनी वरून ओळंबा सोडला. जुनी भिंत तीन मीटर उंचीत जेमतेम आठ मिलिमीटर कलली होती. दोनशे वर्षांच्या भिंतीला एवढं माफ असतं. ठोकळ्याच्या वरच्या मजल्याची बाहेरची भिंत मात्र पस्तीस मिलिमीटर बाहेर गेलेली. ठोकळा आणि वाडा यांच्यामधला सांधा वर बोटभर उघडा होता आणि खाली येता येता बंद होत होता. म्हणजे वरची खोली वाड्याला आधार देत नव्हती, वाड्यापासून सुटत चालली होती, आणि त्या फटीतून दर पावसाळ्यात पाणी थेट तुळईच्या टोकावर पडत होतं. फटीच्या आत जुन्या चुन्याचे ओघळ होते. कुणीतरी पूर्वी कधी रंग दिला तेव्हाही ही फट होतीच. ताज्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात. ही तशी नव्हती.

"मग? पाडायचंच ना?" सर म्हणाले.

"वरचं."

सर थांबले.

ती त्यांना खाली घेऊन गेली. मोरीच्या कोपऱ्यात हातभर गिलावा आधीच निखळला होता. तिथे जुनी भिंत आणि ठोकळ्याची भिंत एकमेकींत गुंतलेल्या दिसत होत्या. एक वीट इकडची, एक तिकडची, बोटांत बोटं अडकवावीत तशी. गवंडी याला दाते म्हणतात. दाते असतात तिथे दोन्ही भिंती एकाच वेळी उभ्या राहिलेल्या असतात. मागाहून चिकटवलेल्या भिंतीला सरळ उभी रेघ असते, आणि वरच्या मजल्यावर नेमकी तीच होती. शिवाय खाली वाड्याच्या मूळ भिंतीतही, जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत, पातळ विटा नव्हत्याच. जाड, साच्यातल्या, सिमेंटमध्ये बसवलेल्या विटा होत्या. त्यावर मग पुन्हा मातीतलं जुनं बांधकाम.

ठोकळा एक नव्हता, दोन होते. आणि खालचा ठोकळा ही वाड्याच्या मागच्या भिंतीचीच दुरुस्ती होती.

सर बराच वेळ त्या विटांच्या रेघेकडे पाहत उभे होते. मग त्यांनी तळहात तिथे टेकवला. "पाणी इथपर्यंत आलं होतं," ते म्हणाले. "एकसष्टला."

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. मातीत रचलेल्या भिंती भिजून पायाशीच विरघळल्या. कित्येक वाडे पाण्यात आणि पाणी ओसरताना बसले. सर तेव्हा सात वर्षांचे होते. या वाड्याचा सांगाडा लाकडी, म्हणून छप्पर खांबांवर तरलं आणि भिंत तेवढी खालून गेली. ज्यांनी ती पुन्हा उभी केली त्यांनी मिळेल त्या विटेने, मिळेल त्या सिमेंटने केली, आणि लगे हाथ मोरी-संडास आत घेतला. पुढे वरची खोली चढली ती भाडेकऱ्याची सोय म्हणून. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली, मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, म्हणून जो राहील त्याने स्वस्तात भर घालायची, असं पेठांमध्ये चालत आलं.

जगभरच्या संवर्धकांनी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद मान्य केली, तिच्यात या वादाला धरून दोन गोष्टी आहेत. प्रत्येक काळाने वास्तूत घातलेली खरी भर मानाने वागवावी; सगळी वास्तू एकाच शैलीची दिसावी हे दुरुस्तीचं उद्दिष्ट नव्हे. आणि काय काढायचं हे काम अंगावर घेतलेल्या एकट्या माणसाने ठरवू नये. ही सनद स्मारकांसाठी आहे, पेठेतल्या राहत्या वाड्याला ती बंधनकारक नाही. मला तरी तिच्यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची वाटते. सर एकटे आले असते तर खालचा ठोकळा गेला असता, आणि दात्यांबरोबर मागची भिंतही उसवून आली असती.

"खिडक्यांचं काय?" सरांनी विचारलं.

"त्या वरच्या आहेत. मोकळ्या होतील."

इतका वेळ ओसरीवर बसून ऐकणाऱ्या आजी म्हणाल्या, "वरचं काय ते करा बाबांनो. खालचा संडास पाडलात तर रात्री मी जाऊ कुठे?"

वहीत नोंद झाली. वरची खोली उतरवायची. पण आधी तुळईखाली टेकू, मग टाकी रिकामी करून खाली, मग कौलं, मग भिंत, वरून खाली एकेक थर हाताने. तुळईचं कुजलेलं टोक कापून नवं सागवान सांधायचं. खालचा ठोकळा ठेवायचा. आतलं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा आणि मोरीचा निचरा भिंतीपासून दूर न्यायचा. हे शेवटचं सरांनी स्वतः लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

खालच्या भिंतीत एक केसभर भेग होती. ती जुनी की नवी यावर पुन्हा जुंपली. अखेर बाईंनी काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी धरली, सरांनी दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गोळा दाबला. भिंत हलली तर काच तडकेल. ओल्या गोळ्यावर त्यांनी खिळ्याने तारीख कोरली.

"गणपती झाले की येऊ," सर म्हणाले. "तडकली असेल तर मी म्हणत होतो तेच."

"आणि नसेल तर?"

"तर मग खालची भेग तुझी," म्हणत ते चपला शोधायला ओसरीकडे वळले.