वाटेवरचा अभंग : लेखांक ५ – पाऊल तेच, मात्रा दुप्पट

मागच्या लेखांकात दिंडीतल्या वाद्यांची ओळख झाली. आज प्रश्न गाण्याचा. एकाच्या हलक्या गळ्यातून निघालेला अभंग शंभर जणांच्या गजरापर्यंत कसा पोचतो? सर्वसाधारण समज असा की, आवाज चढवला आणि चाल पळवली की गजर झाला. पण या समजावर चालत गायला गेलं की दोन मैलांत गळे बसतात आणि शब्द हरवतात. माझं म्हणणं असं की, पायांचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवावा. बदलायचं ते एका पावलात किती मात्रा बसवायच्या, एवढंच.

याचं कारण अभंगाच्या बांधणीतच आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात प्रत्येक चरणाला एक आवर्तन दिलं, तर पहिल्या तीन चरणांत दोन-दोन मात्रा लांबवायला उरतात आणि चौथ्यात चार मोकळ्या राहतात. ती मोकळी जागा म्हणजे चालणाऱ्याचा श्वास. मिनिटाला १०० पावलं धरली आणि एका पावलाला एक मात्रा दिली, तर कडव्याच्या ३२ मात्रांना ३२ पावलं, म्हणजे सुमारे १९ सेकंद लागतात. एकट्याने, वीणेच्या झंकारावर, अर्थ उलगडत गायला ही गती पुरेशी संथ आहे. आता पाऊल तेच ठेवून एका पावलात दोन मात्रा घेतल्या, की तेच कडवं १६ पावलांत, दहा सेकंदांच्या आत संपतं. टाळ दुगुणीत वाजू लागतात, पण म्हाताऱ्या माणसालाही पाय उचलण्याची घाई करावी लागत नाही.

एकट्याकडून समूहाकडे जाण्याचा पूल म्हणजे ध्रुवपद. आधी विणेकऱ्याने कडवं एकट्याने म्हणावं, मग टाळकऱ्यांनी फक्त ध्रुवपद धरावं. ते स्थिरावलं की कडवंही मागोमाग म्हणावं. सगळ्यांत शेवटी दुगुण आणि ‘रामकृष्णहरी’चा गजर. या क्रमातली एखादी पायरी गाळली की बिघाड लगेच कळतो: चौथ्या चरणातली मोकळी जागा टाळकरी खाऊन टाकतात, श्वास मध्येच तुटतो आणि शेवटचं अक्षर ऐकू येईनासं होतं. असं झालं की पखवाजाने पुन्हा एकेरी ठेक्यावर यावं. दुसरी मर्यादा अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर मागच्या रांगेला टाळ सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि वर सांगितलेल्या दुगुणीत एक मात्रा नेमकी तेवढीच असते. पुढचे आणि मागचे एका मात्रेने फाटतात. हजारोंच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीची वेगळी वीणा आणि वेगळा मृदंग किती सोयीचा आहे, हे या हिशेबातून उमगतं.

यावर एक आक्षेप असा की, चिंतन करायचं तर गजर हवाच कशाला? पंडित भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’सारखं गायन अधिक अंतर्मुख करत नाही का? करतं, पण ते बसून ऐकण्याचं गाणं आहे. एका अक्षरावरचा दीर्घ आलाप चालत्या छातीला पेलत नाही, आणि सोबतच्यांना त्यात श्रोत्यापलीकडे जागा नसते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गजरात अर्थ बुडतो. बुडतो, हे मान्यच. म्हणून तर आधी एकट्याने, सावकाश म्हणायचं. पुनरुक्तीत गजर चढेपर्यंत ओळ तोंडपाठ झालेली असते आणि अर्थ ऐकावा लागत नाही. शिवाय परंपरेने गजराला शांततेची जोड दिली आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच टाळ वाजवत राहते. कुठे गप्प व्हायचं, हे ठरलेलं असलं की गजर मनाला विस्कटत नाही.

मोरिवलीहून वालधुनीकाठच्या शिवमंदिरापर्यंत पायी निघणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते. ते मंदिर १०६० सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या दोन शतकं आधीचं. कारखान्यांच्या आणि वाहनांच्या आवाजात एकटा गळा चालणार नाही. तिथे दुगुण घ्यावी. वस्ती मागे पडली की एकेरीवर यावं. मंदिराच्या आवारात टाळ खाली ठेवावेत आणि शेवटचं कडवं एकानेच म्हणावं. निघण्यापूर्वी मात्र एक काम करा: टाळ न घेता, नुसत्या पावलांवर एक अख्खा अभंग म्हणून पाहा. धाप लागली, तर चाल त्या वाटेची नाही.