फंड वर, खातं खाली

२९ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे त्या वर्षीचा बाजार शेवटचा बंद झाला त्या शुक्रवारी, निफ्टी २१,७३१ वर होता. ३१ डिसेंबर २०२४ ला तो २३,६४५ वर बंद झाला. वाढ ८.८ टक्के. हा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत आला आणि तो बरोबरच आहे. पण त्याच वर्षी, त्याच निफ्टीच्या फंडात पैसे असलेल्या कितीतरी घरांनी वर्षअखेरीस तोटा पाहिला. तोही फंडाने काही वावगं केलं नसताना.

हे कसं होतं ते पाहायला मुलुंड पूर्वेतलं एक निवृत्त जोडपं धरू. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत आता हे इतकं नेहमीचं झालंय की करारनामा, भाडं, शिफ्टिंग आणि कॉर्पस या शब्दांशिवाय तिथे गप्पाच होत नाहीत. निफ्टी इंडेक्स फंडात वर्षाच्या सुरुवातीला त्यांचे ३ लाख होते. सप्टेंबरात बिल्डरकडून कॉर्पसचा चेक आला आणि त्यातले ९ लाख त्यांनी त्याच फंडात टाकले. दुपारी तीनच्या आत पैसे फंडाच्या खात्यात पोचले आणि २६ सप्टेंबर २०२४ ची एनएव्ही मिळाली. त्या दिवशी निफ्टी २६,२१६ वर बंद झाला. त्या वर्षातला तो सर्वांत वरचा बंद भाव ठरणार होता, हे अर्थात त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ऑक्टोबर आला. चीनने स्वतःच्या बाजाराला हात दिला होता, आपल्या कंपन्यांचे तिमाही निकाल फिके आले, आणि परदेशी संस्थांनी त्या एका महिन्यात भारतीय शेअर बाजारातून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून घेतले. डिसेंबरअखेर निफ्टी शिखरापासून जवळपास दहा टक्के खाली होता.

आता रुपयांत पाहू. लाभांश आणि फंडाचा खर्च बाजूला ठेवून फक्त निर्देशांक धरतो. जुन्या ३ लाखांचे ३१ डिसेंबरला ३,२६,४१४ झाले, म्हणजे २६,४१४ रुपयांचा फायदा. नव्या ९ लाखांचे ८,११,७२९ राहिले, म्हणजे ८८,२७१ रुपयांचा तोटा. एकूण १२ लाख गेले आणि हातात ११,३८,१४३ उरले. ६१,८५७ रुपये कमी.

“अहो, फंड आठ टक्क्यांनी वाढला म्हणतायत, मग आपले साठ हजार गेले कुठे?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. गोंधळ असा की याला टक्केवारीत एकच उत्तर नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप उणे ५.२ टक्के दाखवेल, फंडाची फॅक्टशीट अधिक ८.८ दाखवेल, आणि एक्सआयआरआर काढला तर उणे ११.३ येईल. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत.

अ‍ॅपचा आकडा सगळ्यांत कमी कामाचा. त्याने ६१,८५७ ला सरळ १२ लाखांनी भागलं. पण १२ लाख वर्षभर फंडात होतेच कुठे? त्यातले ९ लाख जेमतेम तीन महिने होते. वेळेचा विचारच न केलेला हा भागाकार आहे आणि वर्षाच्या मधे पैसे टाकणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

फॅक्टशीटचा आकडा टाइम-वेटेड, म्हणजे कालभारित परतावा. त्याची पद्धत अशी: जिथे पैसे आत आले किंवा बाहेर गेले त्या दिवशी वर्षाचा तुकडा पाडायचा. प्रत्येक तुकड्यात एका रुपयाचे किती झाले ते पाहायचं आणि मग ते गुणायचं. आपल्या उदाहरणात पहिल्या तुकड्यात, २६ सप्टेंबरपर्यंत, रुपयाचे १.२०६४ झाले. दुसऱ्या तुकड्यात रुपयाचे ०.९०१९ राहिले. दोन्हींचा गुणाकार १.०८८, म्हणजे ८.८ टक्के. पहिल्या तुकड्यात ३ लाख होते आणि दुसऱ्यात साडेबारा लाखांच्या वर, याची या गणिताला दखलच नाही. दोन्ही तुकड्यांना सारखाच मान.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत हे तुकडे आपल्याला पाडावेही लागत नाहीत, कारण एनएव्हीमध्ये ते काम आपोआप झालेलं असतं. नवे ९ लाख आले की फंड त्या दिवशीच्या एनएव्हीने नवी युनिट्स देतो. पैसा वाढतो, युनिट्स वाढतात, एका युनिटची किंमत जागची हलत नाही. म्हणून वर्षाच्या दोन टोकांच्या एनएव्हींचा भागाकार केला की कालभारित परतावा तयार. स्वतःच्या डिमॅट खात्यातल्या शेअरांसाठी मात्र हे इतकं सोपं नाही. तिथे दर वेळी पैसे घातले त्या दिवशी अख्ख्या खात्याची किंमत काय होती ते हवं, आणि ते बहुतेकांनी लिहून ठेवलेलं नसतं.

तिसरा आकडा मनी-वेटेड, रक्कमभारित परतावा. तो विचारतो की या घराने ज्या तारखांना जितके पैसे घातले, ते सगळे वर्षाच्या कोणत्या एकाच दराने वाढले किंवा घटले असते तर शेवटी बरोबर ११,३८,१४३ उरले असते? हा दर सरळ सूत्राने मिळत नाही, अंदाज घेत घेत जवळ जावं लागतं. ते काम एक्सेल किंवा गूगल शीट्स करते:

```
A2: 29-Dec-2023   B2: -300000
A3: 26-Sep-2024   B3: -900000
A4: 31-Dec-2024   B4: 1138143

=XIRR(B2:B4, A2:A4, -0.1)
```

खिशातून गेलेले पैसे उणे, हातात आलेले किंवा आज खात्यात असलेले अधिक. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात असलेली रक्कमही उणेच लिहायची, जणू ती त्या दिवशी नव्याने गुंतवली. बरेच जण ही पहिली ओळ विसरतात आणि मग भलताच मोठा परतावा पाहून खूश होतात. शेवटचा -0.1 म्हणजे शोध कुठून सुरू करायचा याचा इशारा. तो दिला नाही तर तोट्याच्या वर्षात एक्सेल कधी कधी 2.98E-09 असा शून्याला चिकटलेला विचित्र आकडा देतं. तो परतावा नव्हे, गणित अडकल्याची खूण आहे.

उत्तर उणे ११.३ टक्के. तोटा तर १२ लाखांवर ५ टक्क्यांचाच, मग हे ११ कुठून आले? कागदावर पडताळून पाहता येतं. ३ लाख पूर्ण ३६८ दिवस कामाला होते. ९ लाख ३६८ पैकी ९६ दिवस, म्हणजे वर्षभराच्या हिशेबाने सुमारे २ लाख ३५ हजार. सरासरीने फंडात राबणारा पैसा ५ लाख ३५ हजार. त्यावर ६१,८५७ चा तोटा म्हणजे ११.६ टक्के. एक्सआयआरआरच्या बऱ्यापैकी जवळ. स्वतःचा आकडा याच्या फार लांब आला तर तारीख किंवा चिन्ह कुठेतरी चुकलंय असं समजावं.

आता यातला खरा कुठला? माझं मत सांगतो. फंड चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर ८.८ कडेच पाहायला हवं. मुलुंडच्या घरात चेक कधी आला यावर फंड मॅनेजरचा काही ताबा नव्हता, तेव्हा त्याचं श्रेय किंवा दोष त्याच्या माथी मारणं चूक. म्हणूनच सेबीच्या २०२० च्या नियमांनुसार पोर्टफोलिओ मॅनेजरला आपली कामगिरी टाइम-वेटेड पद्धतीने जाहीर करावी लागते. पण घराच्या पैशाचं काय झालं हे विचारायचं असेल तर उणे ११.३. मुदत ठेवीशी तुलना करायची तीही याच आकड्याची, कारण ठेवीतही ९ लाख त्याच ९६ दिवसांसाठी राहिले असते.

दोन आकड्यांमधली २० टक्क्यांची दरी आली ती फक्त पैसे कधी आले त्यामुळे. इथे एक गोष्ट सल्लागार मंडळी पटकन बोलून जातात आणि मला ती खटकते: ‘गुंतवणूकदाराने चुकीच्या वेळी पैसे टाकले.’ ज्याने तेजी पाहून ठेव मोडली त्याच्याबाबत ते खरं असेल. पण कॉर्पस बिल्डरच्या वेळापत्रकाने येतो, ग्रॅच्युइटी निवृत्तीच्या तारखेला येते. अशा घरासाठी ती दरी नशिबाची आहे, वागणुकीची नाही.

बाजू उलटून पाहिली की हे आणखी स्पष्ट होतं. बोरिवलीतल्या एका घराचे वर्षाच्या सुरुवातीला त्याच फंडात १० लाख होते असं धरा. मुलाच्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी त्यांनी २६ सप्टेंबरलाच ९ लाख काढले. वर्षअखेर खात्यात २,७६,३१९ उरले. वर्षभराचा नफा १,७६,३१९ रुपये आणि एक्सआयआरआर अधिक २२.३ टक्के. फंड तोच, ८.८ चाच. बोरिवलीकरांनी बाजार ओळखला म्हणून हे झालं नाही, बिल्डरला टोकन त्या आठवड्यात द्यायचं होतं म्हणून झालं. पुढच्या लग्नसमारंभात मात्र ते चार लोकांना फंडांबद्दल सल्ले देतील, याची मला खात्री आहे.

रक्कमभारित आकड्याची एक मर्यादा पहिल्या उदाहरणात दिसते. तो प्रत्येक गोष्ट वर्षाच्या दराने सांगतो. मुलुंडच्या जोडप्याने जुने ३ लाख सोडून फक्त नव्या ९ लाखांचा एक्सआयआरआर काढला तर उणे ३२.५ टक्के येतो, कारण ९६ दिवसांत झालेली ९.८ टक्क्यांची घट तो वर्षभर तशीच चालू राहील असं धरतो. अ‍ॅपमध्ये नव्या फोलिओसमोर असा आकडा लाल रंगात दिसला की माणूस घाबरून पैसे काढतो, आणि मग तो तोटा खरोखरच पक्का होतो. पैशाला वर्ष व्हायच्या आत हा आकडा वाचूच नये. तोवर ८८,२७१ रुपये, आणि निफ्टी २६,२१६ वरून २३,६४५ वर, एवढंच लिहून ठेवावं.