शिल्लक एक, वाचणारे दोन

नवराबायकोच्या संयुक्त बचत खात्यात १०,००० रुपये आहेत. तो पुण्यातून विम्याचा ८,००० रुपयांचा हप्ता भरतो आणि नेमकी त्याच क्षणी ती नाशिकहून क्लासची ७,००० रुपये फी पाठवते. दोन्ही व्यवहार मिळून १५,००० होतात, म्हणजे यातला एक व्यवहार नाकारला गेलाच पाहिजे. पण बँकेचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने एक साधी गोष्ट पाहिली नसेल, तर दोन्ही पैसे जातात आणि वर खात्यात ३,००० रुपये शिल्लकही राहतात!

हे कसं घडतं ते सावकाश पाहू. पैसे पाठवण्याचा प्रोग्राम साधारणपणे तीन कामं करतो: शिल्लक वाचतो, ती पुरेशी आहे का ते तपासतो आणि नवी शिल्लक लिहितो. नवऱ्याच्या व्यवहाराने वाचलं १०,०००. बायकोच्या व्यवहारानेही वाचलं १०,०००, कारण तोवर कोणी काहीच लिहिलेलं नव्हतं. दोघांच्या तपासणीत शिल्लक पुरेशी ठरली. पहिल्याने १०,००० वजा ८,००० करून २,००० लिहिले. दुसऱ्याने १०,००० वजा ७,००० करून ३,००० लिहिले. नंतर लिहिणाऱ्याने आधीच्याचं लिखाण पुसून टाकलं. डेटाबेसच्या जगात याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात.

कागदी लेजरच्या काळात हा घोटाळा सहसा होत नसे, कारण लेजर एका कारकुनाच्या टेबलावर उघडं असताना दुसऱ्याला थांबावंच लागे. संगणकाने ते थांबणं काढून टाकलं, कारण थांबवलं तर हजारो ग्राहकांची रांग लागते. मग कोणाला किती थांबवायचं आणि दुसऱ्याचं अर्धवट काम कोणाला किती दिसू द्यायचं, हे ठरवायला डेटाबेसमध्ये आयसोलेशन लेव्हल आल्या. १९९२च्या एसक्यूएल मानकात अशा चार पातळ्या आहेत. सर्वांत खालच्या पातळीवर दुसऱ्याचं पक्कं न झालेलं लिखाणही वाचता येतं. पैशांच्या कामात तिचा विचारच नको. उरल्या तीन: रीड कमिटेड, रिपीटेबल रीड आणि सीरियलायझेबल.

प्रश्न पुस्तकी नाही. कॅनडातल्या फ्लेक्सकॉइन या बिटकॉइन ठेवणाऱ्या कंपनीतून मार्च २०१४मध्ये ८९६ बिटकॉइन गेले आणि कंपनी बंद पडली. कंपनीनेच सांगितलेलं कारण असं: चोराने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाणी हलवण्याच्या हजारो विनंत्या एकदम पाठवल्या आणि शिल्लक बदलायच्या आत त्यातल्या पुष्कळ मंजूर झाल्या. आपल्या नवराबायकोच्या हातून जे योगायोगाने घडतं, ते त्याने ठरवून घडवलं.

आता हा प्रकार पोस्टग्रेस या डेटाबेसवर पाहू. दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडायच्या आणि दोन्हींत आळीपाळीने एकेक ओळ टाकायची. पहिली खिडकी नवऱ्याची:

```sql
BEGIN;
SELECT balance FROM accounts WHERE id = 101;
UPDATE accounts SET balance = 2000 WHERE id = 101;
COMMIT;
```

दुसरी बायकोची. तिच्यात सगळं तेच, फक्त २,०००च्या जागी ३,०००. दोघांनी `SELECT` केलं की दोन्हीकडे १०,००० दिसतात. पहिल्या खिडकीत `UPDATE` झालं की दुसऱ्या खिडकीतलं `UPDATE` अडकून पडतं, कारण ती ओळ पहिल्याने धरून ठेवलेली असते. पाहणाऱ्याला वाटतं, चला, डेटाबेसने सांभाळलं. पहिल्याने `COMMIT` केलं की दुसरा सुटतो, निमूटपणे ३,००० लिहितो आणि कसलीही तक्रार होत नाही. ही रीड कमिटेड पातळी झाली. पोस्टग्रेसमध्ये तुम्ही काहीच ठरवलं नाही, तर हीच मिळते. ओरॅकलमध्येही तसंच. पक्कं झालेलंच दाखवीन, एवढंच वचन ती देते. मघाशी वाचलेलं अजून खरं आहे, असं ती कुठेही म्हणत नाही.

टेबलावर `CHECK (balance >= 0)` अशी अट घातली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. आपल्या उदाहरणात ती अट निरुपयोगी आहे. शेवटी लिहिलेला आकडा ३,०००, म्हणजे शून्याच्या वरच आहे. चूक शिल्लक ऋण होण्यात नाही, शिळ्या आकड्यावरून हिशेब करण्यात आहे.

मग पातळी वाढवावी का? पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड लावलं, तर व्यवहाराला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच क्षणाचं चित्र दिसतं. त्या चित्रानंतर कोणी तीच ओळ बदलली असेल आणि आपण ती पुन्हा बदलू पाहिली, तर डेटाबेस आपला व्यवहार `could not serialize access due to concurrent update` अशी एरर देऊन, कोड `40001`सह, मोडतो. बायकोची फी अडते, प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून वाचतो, त्याला २,००० दिसतात आणि ‘शिल्लक अपुरी’ असं उत्तर जातं. अगदी हवं तेच.

पण इथे एक पक्का सापळा आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत रिपीटेबल रीड हीच मुळात ठरलेली पातळी आहे. तरी तिथे हाच प्रयोग केला, तर एरर येत नाही. साधं `SELECT` जुनं चित्र दाखवतं, `UPDATE` मात्र ताज्या ओळीवर चालतं आणि ३,००० मुकाट लिहिले जातात. पातळीचं नाव तेच, वागणं वेगळं. हा घोळ बराच जुना आहे. जिम ग्रे यांच्यासह सहा जणांनी १९९५मध्ये एक टीकालेख लिहून दाखवून दिलं होतं की मानकातल्या या पातळ्यांच्या व्याख्या संदिग्ध आहेत आणि कित्येक चुका त्यांतून निसटतात. म्हणून नावावर विसंबू नये. आपण वापरतो त्या डेटाबेसवर दोन खिडक्यांचा प्रयोग करावा आणि मगच ठरवावं.

माझं मत सरळ आहे. ‘कुठली पातळी निवडू?’ हा दुसरा प्रश्न. आधी विचारावं, की पैसे द्यायचे की नाही हा निर्णय कोणत्या ओळींवर उभा आहे? तो एकाच खात्याच्या शिल्लकेवर उभा असेल, तर रीड कमिटेड पुरे. फक्त वाचणं, तपासणं आणि लिहिणं यांच्यात फट ठेवायची नाही. त्याची सर्वांत सोपी रीत ही:

```sql
UPDATE accounts SET balance = balance - 7000
WHERE id = 101 AND balance >= 7000;
```

दुसरा व्यवहार इथेही थांबतो. पण सुटल्यावर पोस्टग्रेस ताज्या ओळीवर अट पुन्हा तपासतो, २,००० ही रक्कम ७,०००पेक्षा कमी म्हणून ओळ सोडून देतो आणि `UPDATE 0` असं सांगतो. हे शून्य प्रोग्रामने पाहिलंच पाहिजे. ते न पाहता क्लासच्या खात्यात ७,००० जमा केले, तर पैसे हवेतून निर्माण झाले. मायएसक्यूएलवरही ही रीत चालते.

वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये प्रोग्रामला बरंच काही तपासायचं असेल, जसं दिवसाची मर्यादा किंवा खातं गोठवलं आहे का, तर `SELECT ... FOR UPDATE` वापरतात. वाचतानाच ओळ धरली जाते, दुसरा वाचायलाच थांबतो आणि त्याची पाळी आली की त्याला ताजा आकडा मिळतो. मात्र हा नियम सगळ्यांनी पाळला तरच कामाचा. रात्री व्याज जमा करणारा एखादा जुना प्रोग्राम साधं `SELECT` करून पूर्ण आकडा लिहीत असेल, तर बाकीच्यांची शिस्त वाया जाते.

ओळ धरून ठेवण्याचा एक जाच आहे, डेडलॉक. खाते १०१ मधून २०५ला पैसे जात आहेत आणि त्याच वेळी २०५ मधून १०१ला. दोघांनी आपापलं खातं धरलं आणि दुसऱ्याच्या खात्याची वाट पाहत बसले. पोस्टग्रेस साधारण एका सेकंदाने हे ओळखतो आणि एकाचा बळी देतो. उपाय सोपा आहे: पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान क्रमांकाचं खातं आधी धरायचं.

निर्णय एकाहून जास्त ओळींवर उभा असेल, तिथे मात्र गोष्ट बदलते. समजा, एकाच ग्राहकाची दोन खाती आहेत, प्रत्येकात ६,००० रुपये. नियम असा की दोन्ही मिळून किमान ५,००० राहिले पाहिजेत. एक व्यवहार पहिल्या खात्यातून ६,००० काढतो, दुसरा दुसऱ्यातून. दोघांनीही बेरीज १२,००० वाचली, ६,००० काढल्यावर ६,००० उरतात म्हणून परवानगी दिली आणि दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या. एकच ओळ दोघांनी बदललेली नाही, म्हणून रिपीटेबल रीडला काहीच वावगं दिसत नाही. शेवटी दोन्ही खात्यांत शून्य. या प्रकाराला ‘राइट स्क्यू’ म्हणतात.

इथे सीरियलायझेबल हवी. व्यवहार एकामागून एक चालवल्यासारखाच निकाल येईल, हे तिचं वचन. पोस्टग्रेसमध्ये २०११च्या ९.१ आवृत्तीपासून ते खऱ्या अर्थाने पाळलं जातं: कोणी काय वाचलं याचीही नोंद ठेवली जाते आणि धोका दिसला की एक व्यवहार `40001` देऊन मोडला जातो. कधीकधी निर्दोष व्यवहारही मोडला जातो, ती या खात्रीची किंमत आहे. आणि पैशाला हात लावणारे सगळे व्यवहार याच पातळीवर हवेत. एखादा रीड कमिटेडवर राहिला, तर तो या पहाऱ्याच्या बाहेरच राहतो.

मोडलेला व्यवहार पुन्हा चालवणं हे प्रोग्रामचं काम, आणि ते `BEGIN`पासून. नुसतं शेवटचं `UPDATE` पुन्हा पाठवलं, तर शिळा आकडा परत आत शिरतो. ‘पैसे पाठवले’ हा एसएमएसही `COMMIT` झाल्यावरच जायला हवा. नाहीतर मोडलेल्या व्यवहाराचा संदेश ग्राहकाच्या हातात असतो आणि पैसे जागच्या जागी. ग्राहकाने बटण दोनदा दाबलं तर मात्र आयसोलेशनचा उपयोग नाही. डेटाबेसच्या दृष्टीने ते दोन वेगळे, रीतसर व्यवहार असतात. त्यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक देऊन तो दुसऱ्यांदा आला की नाकारावा लागतो.

राहता राहिली गर्दीची खाती. वीजबिलं गोळा करणाऱ्या एका खात्यात शेवटच्या तारखेला चहूकडून पैसे येत असतील आणि प्रत्येक जण तीच ओळ धरत असेल, तर सगळे एका रांगेत उभे राहतात. इथेही तोच प्रश्न विचारून पाहावा. पैसे देणाऱ्याच्या खात्यात शिल्लक तपासावीच लागते. घेणाऱ्याची शिल्लक किती, यावर मात्र कोणताच निर्णय उभा नसतो. म्हणून अशा खात्याची शिल्लक दर वेळी बदलत बसण्याऐवजी जमेची एक नवी ओळ लिहितात आणि बेरीज मागाहून करतात. नवी ओळ लिहायला कोणाचीच ओळ धरावी लागत नाही.