शंभरातल्या नव्वदांना लस, तरी वस्तीत गोवर का पसरतो?

"ताई, माझ्या पोराला नऊ महिन्यांची सुई दिली होती. मग गोवर आलाच कसा?" वस्तीत फिरताना हा प्रश्न आम्हाला अनेक आया विचारतात. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून गोवरची साथ पसरली, लेकरे दगावली, तेव्हाही हाच प्रश्न होता. उत्तर थोड्या हिशेबाचे आहे.

कोणालाच लस नाही, कोणाला आधी आजार झालेला नाही, अशा ठिकाणी एक रोगी किती जणांना आजार देतो, त्या आकड्याला आर-नॉट म्हणतात. गोवरचा हा आकडा 12 ते 18 आहे. आपण 15 धरू. गोवरचा विषाणू हवेतून पसरतो आणि रोगी निघून गेल्यावरही बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत, अरुंद गल्लीत माणसे जवळजवळ राहतात, म्हणून तिथे तो जास्त जणांना गाठतो.

आता त्या 15 जणांपैकी 14 जणांच्या अंगात गोवरविरुद्ध ताकद असेल, तर रोगी एकालाच आजार देईल. साथ वाढणार नाही. एकापेक्षाही कमी झाली तर हळूहळू विझेल. पंधरातले 14 म्हणजे शंभरातले 93. म्हणूनच गोवरसाठी 95 टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात. एवढ्यांच्या अंगात ताकद असली की लस न घेतलेल्या बाळापर्यंतही आजार पोहोचत नाही. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात.

पण लस घेतली म्हणजे ताकद आलीच, असे नसते. नऊ महिन्यांच्या पहिल्या डोसने शंभरातल्या सुमारे 85 बाळांना संरक्षण मिळते. त्या वयात आईकडून आलेली थोडी प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असू शकते आणि ती लसीचे काम अडवते. म्हणजे आपल्या गल्लीतल्या सगळ्या 100 मुलांना एकच डोस दिला, तरी 15 जण उघडेच राहिले. रोगी ज्या 15 जणांना गाठतो, त्यांतले दोनाहून थोडे जास्त उघडे निघतील. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दर फेरीला साधारण 11-12 दिवस लागतात. त्या आईच्या पोराला गोवर आला तो असाच. तिने चूक केलेली नव्हती.

सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस दिला, की शंभरातली 95 ते 97 मुले सुरक्षित होतात. मग रोगी एकाहून कमी जणांना आजार देतो आणि साळखी तुटते. मात्र दोन्ही डोस शंभरातल्या 90 मुलांनीच घेतले, तर अंगात ताकद असलेली मुले सुमारे 87 च भरतात. साथ पुन्हा वाढते. दुसरा डोस चुकवू नका, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणखी एक फसगत सरासरीची होते. अख्ख्या शहराचे लसीकरण 95 टक्के असेल, पण उरलेली पाच टक्के मुले शहरभर विखुरलेली नसतात. गावाहून नुकतीच आलेली, कार्ड हरवलेली, भाड्याने घर बदलत राहणारी कुटुंबे एकाच गल्लीत असतात. त्या गल्लीत वीसातल्या आठ मुलांना लस नसेल, तर शहराचा आकडा त्यांना वाचवत नाही. म्हणून हिशेब गल्लीचा करायचा. आशाताईंसोबत घरोघरी जाऊन पाच वर्षांखालील मुलांची कार्डे पाहायची. दुसरा डोस राहिलेल्यांची वेगळी यादी करायची. कार्ड नसेल तर डोस झाला नाही असे धरून सिस्टरला विचारायचे. एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही.

रोगी वेगळा ठेवणेही गरजेचे आहे, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असते. त्या दिवसांत फक्त ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे दिसतात. मग कानामागून व चेहऱ्यावरून पुरळ अंगावर उतरते. पुरळ आल्यावरही चार दिवस मुलाला अंगणवाडीत पाठवू नका. घरीच न ठेवता दवाखान्यात दाखवा, तिथे जीवनसत्त्व 'अ' चे दोन डोस दोन दिवस देतात. धाप लागली, दूध पिणे बंद झाले किंवा झटका आला तर तातडीने रुग्णालय गाठा.

साथ असताना सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याची सूचना आरोग्य खाते देऊ शकते. 2022 ला तसे झाले. तो डोस मोजणीत धरायचा नाही, नंतरचे दोन्ही घ्यायचेच. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र लस नाही. त्याच्या आजूबाजूच्या मुलांनी घेतलेले दोन डोस, हेच त्याचे संरक्षण.