रक्ताच्या रिपोर्टचा अनुवाद: आकडा एकटा नसतो

मुलीकडे जर्मनीला गेलेल्या साठीच्या आईची तिथे रक्ततपासणी झाली आणि साताऱ्याला परतल्यावर घरच्यांनी त्या रिपोर्टचा मराठी अनुवाद करून घेतला, असे समजा. त्यातली एक ओळ आहे: क्रिएटिनिन १०६ µmol/L, संदर्भ मर्यादा ४५ ते ८४, पुढे अधिकचे चिन्ह.

आपल्याकडे क्रिएटिनिन बहुधा mg/dL मध्ये मोजतात आणि एकच्या आसपासचा आकडा पाहायची सवय असते. त्यामुळे १०६ वाचून घरचे हबकतील. प्रत्यक्षात १०६ ला ८८.४ ने भागले की १.२ येते, म्हणजे मर्यादेच्या थोडेसेच वर. मग अनुवादकाने सरळ १.२ लिहावे का? तसे केले आणि शेजारची मर्यादा ४५ ते ८४ अशीच राहिली, तर वाढलेले क्रिएटिनिन भलतेच कमी दिसेल. म्हणून मूळ आकडा, एकक, मर्यादा आणि चिन्ह जसेच्या तसे ठेवायचे. रूपांतर हवेच असेल तर ते वेगळ्या टिपेत द्यायचे, तेही मर्यादेसकट: १.२, मर्यादा ०.५ ते ०.९५. आपल्या ओळखीच्या लॅबची मर्यादा तिथे घालायची नाही, कारण मर्यादा त्या लॅबच्या यंत्राप्रमाणे आणि पद्धतीप्रमाणे बदलते.

चिन्हाचा अर्थही मोजूनमापून लिहावा लागतो. इथले अधिकचे चिन्ह ‘मर्यादेपेक्षा जास्त’ एवढेच सांगते. ते ‘पॉझिटिव्ह’ नव्हे आणि ‘मूत्रपिंडाचा आजार’ तर नव्हेच. बहुतेक मर्यादा निरोगी माणसांपैकी साधारण ९५ टक्के लोक आत बसतील अशा आखलेल्या असतात. म्हणजे शंभरातल्या पाच धडधाकट माणसांच्या रिपोर्टवरही खूण येणारच. तिचा अर्थ लावणे डॉक्टरांचे काम.

खरे घोटाळे टायपिंगमध्ये होतात. प्लेटलेट १३२ × 10⁹/L असतील तर ते आपल्या हिशोबाने १ लाख ३२ हजार. पण मजकूर कॉपी करताना वर चढवलेला नऊ खाली उतरला की 10⁹ चे 109 होते. फॉन्ट बदलला की µ चा m होतो आणि आकडा हजारपट फुगतो. जर्मन रिपोर्टमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. तिथले ११,२ हिमोग्लोबिन म्हणजे ११.२. तो स्वल्पविराम गळला की ११२ उरतात.

अनुवाद झाल्यावर प्रत्येक ओळीत आकडा मर्यादेशी ताडून पाहावा आणि चिन्ह त्याच्याशी जुळते का ते तपासावे. हिमोग्लोबिन ११२, मर्यादा १२ ते १६ आणि पुढे ‘कमी’ असे दिसले, तर चूक लगेच सापडते. एककातली चूक मात्र या चाळणीतून निसटते, कारण µ चा m झाला तरी १०६ हा आकडा ८४ पेक्षा मोठाच राहतो. त्यासाठी एककांचा रकाना मूळ रिपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून वाचावा लागतो, शक्यतो दुसऱ्या माणसाने.