चार चाकं, तीन टेकू

गोदामात ट्रकमधला माल उतरवणारी फोर्कलिफ्ट चार चाकांवर उभी दिसते, पण तोल सांभाळते तीनच टेकूंवर. पुढची दोन चाकं हे दोन टेकू. मागची वळणारी चाकं ज्या अ‍ॅक्सलवर असतात, तो मधोमध एका पिनवर डुलतो. ती पिन हा तिसरा. या तिन्हींच्या त्रिकोणावरच यंत्राचा आणि मालाचा एकत्रित गुरुत्वमध्य राहायला हवा. त्याने पुढची रेघ ओलांडली की फोर्कलिफ्ट तोंडावर आपटते, बाजूची ओलांडली की कुशीवर.

मास्टजवळच्या क्षमतेच्या पाटीवर समजा ‘२५०० किलो, ५०० मिमी’ असं लिहिलंय. अनेक जण पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात. तो दुसरा आकडा म्हणजे भारमध्य: फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. आता १६०० मिमी लांबीची पेटी लांबीच्या बाजूने उचलली, तर तिचा भारमध्य ८०० मिमीवर जातो. पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४५० मिमी धरले, तर आधी ९५० मिमीवर पेलणारं वजन आता १२५० मिमीवर पेलायचं आहे. हिशेबाने क्षमता उरते १९०० किलो. म्हणजे ६०० किलो गेले, आणि यंत्र तेच! हा हिशेब समजण्यापुरताच. माल किती उंच न्यायचा आणि फोर्कवर कोणतं जोडयंत्र आहे, यानेही क्षमता घटते, म्हणून शेवटचा शब्द उत्पादकाच्या पाटीचाच. जोडयंत्र बदललं, तर पाटीही बदलून घ्यावी लागते.

रॅम्पवर हा त्रिकोणच तिरपा होतो. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रॅम्पवर गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असेल, तर तो उताराकडे सुमारे १० सेंमी सरकतो. माल उचलून तो दोन मीटरवर नेला, तर २० सेंमी. म्हणून भरलेली फोर्कलिफ्ट चढताना पुढे आणि उतरताना मागे चालवायची: माल कायम चढाच्या बाजूला, आणि फोर्क जमिनीलगत. रिकामी असेल तर उलट, फोर्क उताराकडे. कारण तेव्हा जड बाजू मागच्या प्रतिभाराची असते.

रिकामी फोर्कलिफ्ट सुरक्षित, ही समजूत मात्र भलतीच महागात पडते. माल नसताना गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या भागात सरकतो. तिथे बाजूच्या रेघेपर्यंत समजा २० सेंमीच जागा आहे. गुरुत्वमध्य ७० सेंमी उंचीवर असेल, तर त्याच रॅम्पवर आडवं वळताना ७ सेंमी आधीच खर्च होतात. वळणाची फेक उताराकडे असेल, तर उरलेले १३ सेंमी खायला तीन मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी आठ-साडेआठ किमी वेग पुरतो. रॅम्पवर वळायचं नाही, हा नियम इथून आला आहे.

आणि फोर्कलिफ्ट कलंडू लागलीच, तर चालकाने उडी मारू नये. डोक्यावरची लोखंडी जाळी उडी मारणाऱ्यावरच येते. पट्टा बांधलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरावं, पाय रोवावेत आणि ज्या बाजूला यंत्र पडतंय, त्याच्या विरुद्ध बाजूला झुकावं.