लवकर संपेल तो पहिला, पण का?

एका सभागृहाकडे रविवारसाठी सात जणांचे अर्ज आले आहेत. योगवर्गाला सकाळी ७ ते ९ हवे आहेत, व्याख्यानाला ८ ते १०, सोसायटीच्या सभेला ९ ते १२. चित्रकला स्पर्धा १० ते ११, भिशीचा कार्यक्रम ११ ते १, नाटकाची तालीम १ ते ४ आणि एक साखरपुडा १० ते ४. हॉल एकच आहे. एक कार्यक्रम संपला की लगेच दुसरा सुरू झाला तर चालेल, पण दोन एकमेकांवर येता कामा नयेत. भाड्याचा विचार तूर्त बाजूला ठेवू. जास्तीत जास्त किती कार्यक्रम बसवता येतील?

इंजिनिअरिंगच्या किंवा एमसीएच्या मुलांना हे कोडं ‘अ‍ॅक्टिव्हिटी सिलेक्शन’ या नावाने भेटतं. त्याची ग्रीडी रीत दोन ओळींची आहे: सगळ्यात लवकर संपणारा कार्यक्रम घ्या, त्याच्यावर येणारे सगळे काढून टाका, आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करा. आपल्या यादीत योगवर्ग, स्पर्धा, भिशी आणि तालीम असे चार बसतात. इथपर्यंत बहुतेक सगळे पोचतात. मग पेपरात पुढची ओळ येते, ‘ही रीत बरोबर आहे हे सिद्ध करा’, आणि उत्तरपत्रिका ढेपाळतात.

मी तपासलेल्या गठ्ठ्यांत सगळ्यात जास्त दिसणारं उत्तर असं असतं: ‘लवकर संपणारा कार्यक्रम घेतला की पुढे जास्त वेळ मोकळा राहतो, म्हणून जास्त कार्यक्रम बसतात.’ यातलं एकही विधान खोटं नाही. तरी ही सिद्धता नव्हे. का नव्हे, हे कळायला तसलंच दुसरं वाक्य लिहून बघा: ‘सगळ्यात छोटा कार्यक्रम घेतला की कमी वेळ खर्च होतो, म्हणून जास्त कार्यक्रम बसतात.’ ऐकायला हेही तितकंच पटतं. पण एक कार्यक्रम ९ ते पावणेबारा, दुसरा साडेअकरा ते सव्वाबारा आणि तिसरा १२ ते ३ असा असेल, तर सगळ्यात छोटा म्हणून मधला पाऊण तासाचा घ्याल आणि दोन्ही बाजूंचे गमावाल. दोन बसत असताना हाती एकच लागेल. जी कारणमीमांसा चुकीच्या रीतीलाही तशीच लागू पडते, तिने बरोबर रीत सिद्ध होत नाही. ‘सगळ्यात आधी सुरू होणारा घ्या’ ही रीत तर सकाळी ६ पासून रात्रीपर्यंत चालणारा एकच अर्ज आला की कोलमडते.

दुसरा वर्ग उदाहरण सोडवून दाखवणाऱ्यांचा. रीत चुकीची आहे हे दाखवायला एक उदाहरण पुरतं. बरोबर आहे हे दाखवायला शंभरही पुरत नाहीत. वाईट वाटतं ते पानभर सुबक आकृत्या काढणाऱ्यांचं.

मग लिहायचं काय? मराठी माध्यमाच्या भूमितीच्या वहीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायचो, त्याच शिस्तीने सुरुवात करा. साध्य काय ते आधी नेमकं ठरवा. ‘ग्रीडीचं उत्तर हेच एकमेव उत्तम उत्तर’ असं साध्य धरलंत तर फसाल, कारण ते खरंच नाही. आपल्याच यादीत व्याख्यान, स्पर्धा, भिशी आणि तालीम मिळूनही चार होतात. साध्य एवढंच: ग्रीडीने पहिला निवडलेला कार्यक्रम ज्यात आहे असं निदान एक उत्तम उत्तर असतं.

सिद्धतेचा गाभा अदलाबदलीत आहे. पुस्तकांत त्याला एक्स्चेंज आर्ग्युमेंट म्हणतात. कोणतंही एक उत्तम उत्तर हातात घ्या, त्याला उ म्हणू. उ मध्ये सगळ्यात आधी संपणारा कार्यक्रम प, आणि सगळ्या अर्जांत आधी संपणारा, म्हणजे ग्रीडीने उचललेला, तो ग. प आणि ग एकच असतील तर काम झालं. नसतील, तर उ मधून प काढा आणि त्या जागी ग ठेवा. आता खरी कसोटी येते, आणि नेमकी इथेच मुलं ‘म्हणून अदलाबदल चालते’ असं लिहून पुढे सटकतात. का चालते? उ मधला बाकीचा प्रत्येक कार्यक्रम प संपल्यावरच सुरू होतो, कारण उ मध्ये कुणी कुणावर येत नाही आणि प तर सगळ्यांत आधी संपतो. ग हा प च्या आधी किंवा फार तर त्याच वेळी संपतो. म्हणजे बाकीचे सगळे ग संपल्यावरच सुरू होतात आणि ग कुणालाही अडत नाही. एक गेला, एक आला. संख्या तीच राहिली. म्हणून नवा संचही उत्तमच. व्याख्यान काढून योगवर्ग ठेवला तर स्पर्धेला काहीच फरक पडत नाही, ती १० लाच सुरू होणार.

एक चोखंदळ शंका: ग आधीपासूनच उ मध्ये असेल तर? मग संख्या एकने कमी होईल की! पण ग उ मध्ये असता, तर सगळ्यांत आधी संपणारा म्हणून तोच प ठरला असता. आणि दोघे एकाच वेळी संपणारे असतील तर ते एकमेकांवर येतात, म्हणजे दोघे मिळून उ मध्ये असूच शकत नाहीत. हे एक वाक्य लिहिणारा विद्यार्थी तपासणाऱ्याला लगेच उठून दिसतो.

एवढ्यावर सिद्धता संपत नाही, कारण आपण फक्त पहिल्या निवडीचं बोललो. ग घेतल्यावर तो संपल्यानंतर सुरू होणारे अर्ज उरतात. ही तशीच, पण छोटी यादी. ग असलेल्या उत्तम उत्तरातून ग वगळला की जे उरतं, ते या छोट्या यादीचं उत्तम उत्तर असायलाच हवं. तिथे याहून एक जरी जास्त बसत असता, तर त्यांना ग जोडून मूळ यादीत उत्तमालाही मागे टाकता आलं असतं, आणि ते अशक्य आहे. छोट्या यादीवर ग्रीडी बरोबर चालते हे अर्जांच्या संख्येवरच्या इंडक्शनने गृहीत धरा, त्यात ग मिळवा, की सिद्धता पुरी. ही दोन-तीन वाक्यं गाळलेली उत्तरपत्रिका म्हणजे पहिल्याच पायरीवर थांबलेला जिना.

आपली सिद्धता खरोखर कशावर उभी आहे हे तपासायचं असेल, तर बाजूला ठेवलेलं भाडं आता मोजायला घ्या. समजा योगवर्ग २०० रुपये देतो, व्याख्यान १,००० आणि बाकीच्यांचं भाडं सारखंच आहे. आता उद्दिष्ट कार्यक्रमांची संख्या नाही, एकूण भाडं आहे. प च्या जागी ग ठेवला तरी कुणी कुणावर येत नाही, तो भाग अजूनही खरा आहे. पण ‘संख्या तीच, म्हणून नवा संचही उत्तम’ हे वाक्य मोडून पडतं. अशा यादीसाठी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग लागतं. लवकर संपणाऱ्याला पहिला मान देणाऱ्या सभागृहात त्या रविवारी कार्यक्रम चारच होतील, पण गल्ल्यात ८०० रुपये कमी पडतील.